हर्डल्समधली तीन पावलांची लय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुका स्पर्धांच्या तारखा लागल्या की जळगाव, धुळे, नंदुरबारकडून क्रीडाशिक्षकांचे, पालकांचे आणि खुद्द पोरापोरींचे तेच ते प्रश्न येऊ लागतात. ते इथे एकत्र केले आहेत. बरीचशी उदाहरणं 80 मीटर हर्डल्स पळणाऱ्या मुलींची आहेत, कारण तीन पावलांची लय बहुतेकदा याच वयात बसते, नाहीतर कायमची बिघडते. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

1. तीन पावलं म्हणजे नक्की कुठली? हर्डल ओलांडून उतरतो ते पाऊल धरायचं का?

नाही. उतरण्याचं पाऊल वेगळं, त्यानंतरची तीन मोजायची. समजा मुलीचा उजवा पाय आधी हर्डलवरून जातो. हा तिचा लीड लेग. ती उजव्यावर उतरते, मग डावा एक, उजवा दोन, डावा तीन, आणि त्याच तिसऱ्या डाव्या पायावरून पुढच्या हर्डलसाठी टेक-ऑफ. म्हणजे दोन हर्डल्सच्या मध्ये जमिनीवर ठसे चार उमटतात, पण पावलं तीनच. गोंधळ होतो तो इथेच. काही मुलं उतरण्यालाच ‘एक’ म्हणतात, तीन म्हणून झाल्यावर टेक-ऑफ घेऊ बघतात आणि चुकीच्या पायावर येतात. मोजायचंच असेल तर उतरताना ‘खाली’ म्हणा आणि मग एक-दोन-तीन. ‘खाली’ आणि ‘एक’ यांच्यात जितका कमी वेळ जाईल तितकं चांगलं.

2. अंतर आणि उंची किती ठेवायची?

80 मीटरच्या शर्यतीत 8 हर्डल्स असतात. सुरुवातीपासून पहिलं 12 मीटरवर, मध्ये 8-8 मीटर, शेवटच्यानंतर 12 मीटर, आणि उंची 76.2 सेंमी. मुलींच्या 100 मीटरमध्ये 10 हर्डल्स : पहिलं 13 मीटरवर, मध्ये 8.50 मीटर, शेवटी 10.50 मीटर. 18 वर्षांखालच्या मुलींना उंची 76.2 सेंमी, मोठ्या महिलांना 83.8 सेंमी. मुलांच्या 110 मीटरमध्ये पहिलं 13.72 मीटरवर, मध्ये 9.14 मीटर, शेवटी 14.02 मीटर. 18 वर्षांखाली उंची 91.4, 20 वर्षांखाली 99.1 आणि मोठ्या पुरुषांना 106.7 सेंमी. शालेय स्पर्धेत तुमचा वयोगट कोणती शर्यत पळणार, हे त्या वर्षीच्या परिपत्रकातून पक्कं करून घ्या. मागच्या वर्षीच्या आठवणीवर फक्की मारू नका.

हर्डल लावण्याची दिशाही बघा. त्याचे जमिनीवरचे पाय पळत येणाऱ्याच्या बाजूला हवेत, म्हणजे धक्का लागला की हर्डल पुढे कलंडतं. उलटं लावलेलं हर्डल पडत नाही, पोरगी पडते. सरावात पोरं परत येताना उलट्या बाजूने उड्या मारतात, ते तिथल्या तिथे थांबवा.

3. लीड लेग डावा ठेवायचा की उजवा?

सरळ ट्रॅकवरच्या शर्यतीत कुठलाही चालतो. एक हलका अडथळा गुडघ्याएवढा ठेवा आणि काही न सांगता मुलाला आठ-दहा वेळा पळत ओलांडू द्या. जो पाय आपोआप पुढे जातो तो घ्या. दोन्ही सारखेच जमत असतील तर डावा घ्यावा असं माझं मत. पुढे 400 मीटर हर्डल्सकडे वळला तर वळणावर डाव्या लीडने आतल्या रेषेजवळून पळता येतं. एकदा ठरलं की स्पर्धेच्या तोंडावर पाय बदलायचा नाही.

4. ‘पाय सरळ कर, पाय सरळ कर’ असं आम्ही ओरडतो. लीड लेग नेमका कसा न्यायचा?

हे ओरडणं आधी बंद करा. निम्मे लीड लेग या सूचनेनेच बिघडलेले असतात. मूल जमिनीवरूनच ताठ पाय वर फेकतं. ताठ पाय लांब म्हणून हळू वर येतो, छाती मागे जाते आणि अख्खं शरीर हर्डलवर तरंगतं.

आधी गुडघा. टेक-ऑफच्या क्षणी लीड लेग दुमडलेला हवा, टाच मांडीखाली, आणि गुडघा थेट समोरच्या हर्डलच्या दिशेने वर. गुडघा हर्डलच्या उंचीच्या वर गेला की मग पोटरी पुढे उलगडते. तेव्हाही गुडघा पूर्ण ताठ होत नाही, किंचित वाकलेलाच राहतो. पायाचा पंजा वर ओढलेला असावा. समोरच्या बाजूने बघणाऱ्याला आधी गुडघा दिसला पाहिजे आणि नंतर बुटाचा तळवा. तळवा आधी दिसला तर पाय फेकला जातोय.

दुसरा अर्धा भाग खाली येण्याचा, आणि तो कोणी शिकवत नाही. टाच हर्डलच्या पलीकडे गेली की पाय खाली पडायची वाट बघायची नाही. मांडीच्या जोरावर तो खाली आणि मागे ओढायचा. उतरताना चवडा टेकतो आणि कंबर त्या पायाच्या वर असते. काळ्या मातीच्या मैदानावर याचा पुरावा आयताच मिळतो. उतरण्याच्या ठशात चवड्याचा भाग खोल असेल तर ठीक. टाच खोल रुतली असेल तर शरीर मागे राहिलं, आणि पुढचं पहिलं पाऊल आखूड पडणार हे ठसा बघूनच सांगता येतं.

शिकवायला भिंत पुरते. तीन-चार पावलं चालत या, गुडघा वर घ्या आणि लीड लेगचा चवडा भिंतीवर कमरेच्या उंचीला टेकवा. खालचा पाय चवड्यावर, समोरचा हात लीड लेगच्या विरुद्ध बाजूचा, छाती किंचित पुढे. जे मूल पाय ताठ फेकतं त्याची टाच भिंतीवर खाली आणि जोरात आपटते, त्यामुळे चूक त्याची त्यालाच कळते. चालत जमलं की हलक्या धावेत करा. नंतर कमी उंचीच्या हर्डलच्या कडेने फक्त लीड लेग न्यायचा, मागून येणारा पाय म्हणजे ट्रेल लेग हर्डलच्या बाहेरून.

5. आमची आठवीची मुलगी चौथ्या हर्डलपर्यंत तीन पावलं घेते, मग पाचावर येते. दम कमी पडतो का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. आणि उत्तर बहुतेक वेळा ‘दम नाही, टेक-ऑफ’ असं असतं. एक उदाहरण आकड्यांसकट करून बघू. अमळनेरजवळच्या एखाद्या शाळेचं मातीचं मैदान आहे आणि हर्डल्समध्ये 8 मीटर अंतर आहे असं धरा. मुलीला पळवा, दुसऱ्या आणि तिसऱ्या हर्डलच्या मधले ठसे टेपने मोजा, आणि प्रत्येक ठशाजवळ चुन्याची चिमूट टाका.

समजा ती हर्डलच्या 95 सेंमी पुढे उतरते आणि पुढच्याचा टेक-ऑफ त्याच्या 1.25 मीटर मागून घेते. 8 मीटरमधून हे दोन्ही वजा केले की उरतात 5.80 मीटर. ते तिला तीन पावलांत काढायचे आहेत. ठसे सांगतात : पहिलं पाऊल 1.45, दुसरं 2.05, तिसरं 2.30. गडबड तिसऱ्यात आहे. ती हर्डल गाठायला पाय ताणते, पाय शरीराच्या बराच पुढे पडतो, वेग तिथेच तुटतो, आणि इतक्या जवळून ओलांडायचं म्हटल्यावर वर उडी मारावी लागते. वर उडी म्हणजे उतरतानाही वरून खाली आदळणं, म्हणजे पुढचं पहिलं पाऊल आणखी आखूड. दर हर्डलला थोडा वेग जातो, आणि चौथ्यानंतर 2.30 चं पाऊल निघतच नाही. म्हणून पाच.

आता टेक-ऑफ 1.65 मीटरवर नेला आणि उतरणं 1.00 मीटरवर आलं, तर मध्ये उरतात 5.35 मीटर. हे 1.55, 1.95 आणि 1.85 असे बसतात. पहिलं सगळ्यात आखूड, दुसरं सगळ्यात लांब, आणि तिसरं पुन्हा थोडं आखूड, म्हणजे टेक-ऑफला कंबर उंच आणि पाय शरीराखाली. मुलीची ताकद वाढली नाही, उंची वाढली नाही. तरी तिच्या पावलांच्या वाट्याचे 45 सेंमी कमी झाले. साधारण हिशेब असा की हर्डलवरच्या झेपेचा 60 टक्के भाग अलीकडे आणि 40 टक्के पलीकडे पडावा. 2.65 मीटरच्या झेपेत 1.65 आणि 1.00 हे जवळपास तेच.

पण ‘लांबून मार’ एवढं सांगून हे होत नाही, कारण कमी वेगात लांबून मारलं तर ती हर्डलवरच येईल. म्हणून आधी अंतर कमी करा. चार अडथळे, उंची 50 सेंमी, मध्ये 7 मीटर. टेक-ऑफसाठी हर्डलच्या 1.65 मीटर मागे फक्कीची आडवी रेघ, आणि पाय त्या रेघेच्या पुढे पडायचा नाही. इथे तिला पाऊल ताणावं लागत नाही, उलट तिन्ही पटापट टाकावी लागतात. एका सरावात पाच धावा सलग स्वच्छ झाल्या की पुढच्या वेळी 7.25, मग 7.50, 7.75, 8. प्रत्येक टप्प्याला साधारण आठवडा द्या. बिघडलं तर 25 सेंमी मागे या. उंची शेवटी वाढवा, आणि अंतर व उंची एकाच दिवशी कधीच नाही.

6. पहिलंच पाऊल नेहमी आखूड पडतं. ते कसं लांबवायचं?

लांबवायचं नाही, मोकळं करायचं. पहिलं पाऊल टाकतो ट्रेल लेग. तो हर्डलवरून आला की लगेच जमिनीकडे पडला तर पाऊल मीटरभराचंच होणार. त्याचा गुडघा बाजूने वर काखेखाली आला पाहिजे, पंजा बाहेर वळलेला, आणि मग गुडघा छातीसमोर येऊन पाय पुढे पळायला निघाला पाहिजे. हर्डलच्या कडेने चालत, हाताने भिंत किंवा खांब धरून हे रोज करता येतं. चवड्यावर उतरल्याशिवाय मात्र हे साधत नाही, तो भाग प्रश्न 4 मध्ये आहे.

7. चार पावलांत पळलं तर? तीन जमत नाहीत, पाच फार वाटतात.

नियमात अडचण नाही. पण पावलं सम झाली की दर हर्डलला लीड लेग बदलतो : उजवा, डावा, उजवा, डावा. दोन्ही पायांनी सारखं तंत्र असलेलं मूल क्वचित सापडतं. ज्याला दोन्ही बाजू येतात त्याने खुशाल चार घ्यावीत, पाचापेक्षा ती वेगवानच पडतील. बाकीच्यांनी या वर्षीची स्पर्धा पाचात पळावी आणि सरावात प्रश्न 5 प्रमाणे कमी अंतरावर तीनच घ्यावीत. सरावातही पाचच घेतली तर पुढच्या वर्षी तीनवर येणं फार जड जातं.

8. मना पोऱ्या हर्डलजोडे वना का थांबी जास. काय करू?

भाऊ, त्याला आधी एकदा लागलं आहे का ते विचारा. बहुतेक वेळा उलटं लावलेलं किंवा जड लोखंडी हर्डल कारण असतं. काही दिवस हर्डल बाजूला ठेवा आणि 7-7 मीटरवर जमिनीवर नुसत्या काड्या टाका. काड्यांवरून लय बसली की वीतभर उंच, मग गुडघ्याएवढं. थांबण्याचं दुसरं कारण पावलं न जुळणं. मुलाला पाय चुकतोय हे तीन-चार पावलं आधीच कळतं आणि तो बारीक पावलं टाकू लागतो. तसं असेल तर दोष सुरुवातीच्या पावलांचा, त्यासाठी प्रश्न 9.

9. पहिल्या हर्डलपर्यंत किती पावलं? ब्लॉकमध्ये कोणता पाय पुढे?

शाळेतल्या बहुतेक मुलांना आठ बसतात. आठ पावलं असतील तर टेक-ऑफचा पाय ब्लॉकमध्ये पुढे आणि लीड लेग मागे. कारण सरळ आहे : पहिलं पाऊल मागचा पाय टाकतो, म्हणून आठवं पुढच्या पायाचं येतं. सात किंवा नऊ पडत असतील तर हे उलट. लहान चणीच्या मुलींना पहिलं हर्डल आठात गाठता येत नसेल तर नऊ घेऊ द्या आणि ब्लॉकमधले पाय बदला. ताणून आठ करण्यापेक्षा ते बरं.

अमेरिकेचा धावपटू एरिज मेरिट याने आठावरून सातावर येऊन 2012 मध्ये 110 मीटरचा 12.80 सेकंदांचा विश्वविक्रम केला, हे ऐकून काही शिक्षक पोरांना सात शिकवायला निघतात. सातसाठी सुरुवातीला प्रचंड ताकद लागते. शाळेत त्याच्या नादी लागू नये.

10. आमचा मुलगा उंच आहे. त्याला 9.14 मीटर कमी पडतं, तो हर्डलवर जाऊन आदळतो.

प्रश्न 5 चा हा उलटा प्रकार, आणि इलाजही उलटा. त्याला पावलं ताणायची नाहीत, आखूड आणि जलद करायची आहेत. अशी मुलं सपाट धावेत असतात तशीच लांब ढांग हर्डल्समध्येही टाकतात. सरावात अंतर 9.14 वरून 8.70 पर्यंत कमी करा, उंची 76 सेंमीवर ठेवा आणि हात छोटे, जलद हलवायला सांगा. हात जलद झाले की पाय आपोआप होतात. टेक-ऑफची रेघ साधारण 2 मीटरवर मारा आणि ती ओलांडू देऊ नका. तो सुरुवातीला तक्रार करेल की गुदमरल्यासारखं होतं. ते बरोबरच आहे. मोठ्या पुरुषांनाही हेच अंतर असतं आणि सहा फुटांवरचे धावपटू त्यात पावलं आवरूनच पळतात.

11. उतरल्यावर मुलगी लेनमध्ये एका बाजूला जाते.

समोरून बघा. लीड लेगचा गुडघा सरळ न जाता शरीराच्या मधल्या रेषेपलीकडे जात असेल, तर खांदे वळतात आणि उतरताना तोल दुसरीकडे जातो. बहुधा हातच याचं मूळ असतो. लीड लेगसमोर जाणारा हात छातीवरून आडवा फिरतो, तो सरळ पुढे आणि कमरेजवळून मागे यायला हवा. लेनच्या मधोमध फक्कीची एक उभी रेघ ओढून तिच्या दोन्ही बाजूंना पाय पडतात का ते पाहा.

12. लय सुधारली की नाही, हे मोबाइलवर कसं मोजायचं?

कडेने, तिसऱ्या हर्डलच्या समोर उभं राहून, मोबाइल न हलवता चित्रण करा. उतरण्याच्या क्षणापासून पुढच्या उतरण्याच्या क्षणापर्यंतच्या फ्रेम मोजा. 30 फ्रेमच्या चित्रणात 42 फ्रेम म्हणजे 1.40 सेकंद, 38 म्हणजे 1.27. 8 मीटर अंतरासाठी हा फरक मोठा आहे. एकूण वेळेपेक्षा या आकड्यांची रांग बघा. 40, 40, 41 आणि मग अचानक 46 आलं, तर पाऊल ताणलं गेलं ते तिथेच. स्लो मोशनमध्ये आणखी बारीक दिसतं, फक्त मग 120 किंवा 240 ने भागायला विसरू नका.

13. शाळेत हर्डल्सच नाहीत.

खानदेशात ठिबकच्या जुन्या नळ्यांना तोटा नाही. दोन प्लास्टिकच्या कोनांवर नळीचा मीटरभर तुकडा नुसता ठेवा, बांधू नका. पाय लागला की पडली पाहिजे. केळीचे पुठ्ठ्याचे रिकामे खोकेही एकावर एक ठेवून चालतात. विटा, दगड, लोखंडी गज मात्र नकोत. लय शिकायला खरं हर्डल लागत नाही, अंतराला मात्र खरा टेप लागतो. स्पर्धेआधी खऱ्या हर्डलवर काही सराव व्हायलाच हवेत, त्यासाठी तालुक्यात ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

14. हर्डल पडलं तर बाद होतं का?

पाय लागून चुकून पडलं तर नाही. हाताने किंवा अंगाने ढकलून पाडलं तर हो. नवख्या मुलांना खरा धोका वेगळाच असतो. ट्रेल लेग हर्डलच्या कडेबाहेरून, त्याच्या वरच्या पट्टीपेक्षा खालून गेला तर धावपटू बाद होतो. लेनच्या कडेने पळणाऱ्यांच्या बाबतीत हे सहज घडतं. प्रश्न 11 मधली मधली रेघ इथेही उपयोगी पडते. दुसऱ्याच्या लेनमध्ये जाऊन त्याला अडथळा केला तरीही बाद.

15. स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि तेव्हा मैदानावर चिखल. सराव कुठे करायचा?

ओल्या काळ्या मातीवर हर्डल्स अजिबात नाहीत. बुटाला माती चिकटते, टेक-ऑफचा पाय सटकतो आणि गुडघा जातो. वाफसा येईपर्यंत थांबा. ठसा उमटेल पण माती बुटाला लागणार नाही, इतपत कोरडं झालं की मैदान पळण्याजोगं. तोवर शाळेच्या व्हरांड्यात भिंतीचा सराव आणि ट्रेल लेगचं चालणं करून घ्या. डांबरी रस्त्यावर पळवू नका, उतरतानाचा मार पोटरीच्या हाडाला बसतो. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या मैदानावर सरावाआधी लेन चालत जाऊन बघा आणि जिथे पाय उतरणार तिथल्या भेगा मातीने बुजवा. मे महिन्यात सकाळी सहाला सुरू करून आठच्या आत आटपा.